१ कप म्हणजे किती ग्रॅम? फॅमिली ग्रुपवरची चर्चा

सई: मंडळी, रविवारी हा बिनअंड्याचा चॉकलेट केक करायचाय. मैत्रिणीच्या वहीतला आहे, तसाच्या तसा टाइप करतेय.

```
1 1/2 c flour, sifted
1 c sugar
1/4 c cocoa
1 tsp baking soda
1/2 t salt
1 T vinegar
1/3 c oil
1 c water
1 tsp vanilla
```

सई: माझ्याकडे मापाचे कप नाहीत. डिजिटल काटा आहे आणि मोजायच्या चमच्यांचा एक संच आहे. ग्रॅममध्ये कोणी करून देईल का?

काका: हे घे, माझ्याकडे तक्ताच आहे. १ कप = २५० ग्रॅम, अर्धा कप = १२५ ग्रॅम, पाव कप = ६२ ग्रॅम. सेव्ह करून ठेव, कायम उपयोगी पडेल.

सई: अरे वा! मग मैदा ३७५, साखर २५०, कोको ६२. झालंच की.

मावशी: सई, थांब गं. तो तक्ता अजिबात वापरू नकोस. आणि अहो, तुम्ही तो डिलीट करा.

काका: का बरं? तीन ग्रुपवर आलाय तो.

मावशी: तीनही ठिकाणी चुकीचाच आहे. कप भांड्याचं माप सांगतो, आत किती मावतं ते. ग्रॅम म्हणजे वजन. २५० मिलीच्या कपात पाणी भरलं तर ते २५० ग्रॅम भरतं, म्हणून तक्ता पाण्यापुरता खरा आहे. मैद्यात मात्र कणाकणामध्ये हवा असते. कप मैद्याने हलक्या हाताने भरून वरून सुरीने सपाट केला, तर जेमतेम १२५ ग्रॅम भरतो. त्याच कपात साखर २०० च्या आसपास जाते, कोको ८५ च्या आसपास आणि मध तब्बल ३४०. कप एकच, पण प्रत्येक जिन्नसाचं वजन वेगळं.

दादा: म्हणजे सईने ३७५ ग्रॅम मैदा घातला असता तर दुप्पट झाला असता?

मावशी: बरोब्बर दुप्पट. आणि पाणी मात्र होतं तेवढंच, कारण तक्त्यात पाणी तेवढं बरोबर निघतं. या केकचं मिश्रण पातळ असतं, भांड्यातून सरळ ओतता येतं. दुप्पट मैदा पडला की ते इतकं घट्ट होतं की चमचा उभा राहील. मग लोक घाबरून पाणी वाढवतात, तिथून सोडा, साखर, कोको सगळ्यांचंच प्रमाण बिघडतं आणि केक मधोमध ओला, कडेला वीट. भाजायला टाकण्याआधीच ओळखायचं असेल तर एवढंच बघ: ओतायचं मिश्रण ओतलं जात नसेल, तर आकडा चुकलाय.

मामी: ताई, मग मैद्याचा नक्की आकडा कोणता धरायचा? मी एका ठिकाणी कपाला १२० वाचलंय, दुसरीकडे १५०.

मावशी: वहिनी, दोन्ही खरे आहेत, गंमत तिथेच आहे. चमच्याने मैदा कपात टाकत गेलात आणि वरून सपाट केलंत, तर १२० ते १२५. कप सरळ मैद्याच्या डब्यात खुपसून भरलात, तर मैदा दाबला जातो आणि १५० पर्यंत जातो. दीड कपात हा फरक चाळीसेक ग्रॅमचा होतो, म्हणजे पाव कपाच्या वर मैदा. म्हणून लिहिणारीने कप कसा भरला हे कळलं तर बरं. कुठेच लिहिलेलं नसेल तर मी १२५ धरते. मिश्रण पातळ वाटलं तर चमचाभर मैदा वाढवता येतो, पडलेला काढता येत नाही.

मावशी: आणि सई, त्या ओळीतला स्वल्पविराम बघ. `1 1/2 c flour, sifted` म्हणजे आधी दीड कप मोज, मग चाळ. `1 1/2 c sifted flour` असतं तर आधी चाळायचं आणि मग त्या फुललेल्या मैद्याने कप भरायचा. तेव्हा कपाला ११०-११५ ग्रॅमच भरतात. तुझ्याकडे स्वल्पविराम नंतर आहे, म्हणून दीड कपाला साधारण १९० ग्रॅम घे आणि वजन केल्यावर चाळ.

दादा: एका स्वल्पविरामाने एवढं? मास्तर खूश झाले असते 😄

सई: ओके, मैदा १९०. साखर २००. कोको पाव कप म्हणजे ८५ भागिले ४, साधारण २१. तेल?

मावशी: तेल पाण्यापेक्षा हलकं. कपाला साधारण २२० ग्रॅम, म्हणून १/३ कप म्हणजे ७३. पाणी १ कप, २४० ग्रॅम.

काका: आता २४० कुठून आलं? मघाशी २५० म्हणालीस.

मावशी: अमेरिकन कप २४० मिलीच्या जवळपास असतो, मेट्रिक कप २५० मिलीचा. वही कुठल्या कपावर लिहिलीय ते माहीत नाही. पण `c`, `T`, `t` अशी लिहायची पद्धत जुन्या अमेरिकन वह्यांत फार दिसते, म्हणून मी २४० धरला. दोघांत फरक चार टक्क्यांचा. सगळे जिन्नस एकाच कपावर मोजलेले असले तर तो केकला कळतही नाही. अडचण येते ती अर्धं या कपाने आणि अर्धं त्या कपाने मोजलं की. राइस कुकरसोबत येणारा कप मात्र इथे चालणार नाही, तो साधारण १८० मिलीचा असतो.

मामी: माझा प्रश्न वेगळा आहे. `1/2 t` मीठ आणि `1 T` व्हिनेगर. टाइप करताना सईची गडबड झालीय का?

सई: नाही मामी, वहीत तसंच आहे. एक छोटा टी आणि एक मोठा.

मावशी: आणि तो फरक फार महत्त्वाचा आहे. छोटा `t` म्हणजे `tsp`, लहान चमचा, ५ मिली. मोठा `T` म्हणजे `tbsp`, मोठा चमचा, १५ मिली. म्हणजे तिप्पट. कोणी `Tb` लिहितं, कोणी `tbs`. मधे `b` दिसला की मोठा चमचा समजा.

दादा: आणि हस्ताक्षर वाईट असेल तर? किंवा फोनने आपोआप सगळं कॅपिटल केलं असेल तर?

मावशी: मग जिन्नसाकडे बघायचं. खायचा सोडा साधारण कपभर मैद्याला पाव `tsp` पुरतो. या केकमध्ये दीड कपाला एक `tsp` आहे, म्हणजे आधीच भरपूर. कोको आणि व्हिनेगर आहे म्हणून तो खपतो. तिथे मोठा चमचा वाचलास तर साबणासारखी चव येईल, जिभेवर कडवट राहील, आणि केक भसकन फुगून मधे बसेल. मिठाचंही तसंच: अर्धा मोठा चमचा मीठ म्हणजे नऊ ग्रॅम, एवढ्याशा केकला कोण घालेल? व्हिनेगर किंवा व्हॅनिलाला मात्र एवढा धोका नाही, तिथे चूक झाली तरी केक खाता येतो.

मामी: बाहेरच्या पाककृतीत मोठा चमचा २० मिलीचा असतो असं ऐकलं होतं.

मावशी: ऑस्ट्रेलियाचा. तिथे `tbsp` म्हणजे चार `tsp`. पाककृती तिथली असेल तरच.

सई: सोडा, मीठ पण ग्रॅममध्ये करून ठेवू का? एकाच भांड्यात सगळं काट्यावर.

मावशी: नको, ते चमच्यानेच घे. अर्धा `tsp` मीठ म्हणजे तीन ग्रॅम. एक-एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तीन ग्रॅम मोजताना एक ग्रॅम इकडे-तिकडे झाला, तरी तो तिसरा हिस्सा. शिवाय चिमटी-चिमटीने टाकलंस तर पुष्कळ काटे पहिली चिमूट मोजतच नाहीत, तू टाकत राहतेस आणि आकडा हलत नाही. मोठे जिन्नस काट्यावर, बारीक जिन्नस मापाच्या चमच्याने, वरून सपाट करून.

सई: माझे चमचे खरे आहेत का हे कसं बघू? स्वस्तातला संच आहे.

मावशी: काट्यावर वाटी ठेव, शून्य कर आणि `tsp` च्या चमच्याने दहा चमचे पाणी टाक. ५० ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे. एक चमचा मोजून काही कळणार नाही. जेवायच्या चमच्यावर हाच प्रयोग करून बघ, प्रत्येक घरात वेगळा आकडा येतो, म्हणून तो पाककृतीत वापरायचा नाही.

*(दुपारी)*

सई: मावशी, काटा बिघडलाय. भांडं ठेवून शून्य केलं, मैदा टाकतेय टाकतेय आणि आकडा ६.७ वर आहे. भांड्यात तर ढीग झालाय!

दादा: फोटो टाक.

सई: 📷

मावशी: बिघडलेला नाही. आकड्याच्या बाजूला बारीक अक्षरांत `oz` दिसतंय. औंस आहेत ते. एक औंस २८ ग्रॅमच्या थोडा वर, ६.७ म्हणजे १९० ग्रॅम झालेच तुझे. आणखी टाकू नकोस. मागे किंवा पुढे `unit` बटण असेल ते दाब, `g` येईपर्यंत.

सई: आलं! १९० दाखवतोय 🙈 दाबताना मधे `ml` पण आलं. तेल आणि पाणी त्यावर मोजू?

मावशी: पाणी मोजलंस तरी चालेल, तेल नको. काट्याला आत काय आहे ते दिसत नाही, तो वजनच बघतो आणि पाणी समजून मिली दाखवतो. ८० मिली तेल ७३ ग्रॅम भरतं. तू `ml` वर ८० येईपर्यंत ओतत राहिलीस तर तेल जास्त पडेल. सगळं `g` वरच ठेव.

काका: `oz` वरून आठवलं. ८ औंस म्हणजे एक कप असं लिहिलेलं असतं ना डब्यांवर?

मावशी: तो द्रव औंस, `fl oz`. तोही कपासारखाच भांड्याचा आकार सांगतो. वजनाचा औंस निराळा. कपभर मैदा वजनाच्या औंसात साडेचारच्याही आत भरतो. अहो, तक्ता डिलीट केलात का?

काका: केला. बाकीच्या दोन ग्रुपवर पण सांगितलं.

सई: फायनल टाकते, बघ:

```
मैदा 190 g (मग चाळणे)
साखर 200 g
कोको 21 g
सोडा 1 tsp
मीठ 1/2 tsp
व्हिनेगर 1 tbsp
तेल 73 g
पाणी 240 g
व्हॅनिला 1 tsp
```

मावशी: बरोबर. कोको २० ते २५ मध्ये काहीही चालेल, २१ साठी काट्याशी भांडू नकोस. त्यात गुठळ्या असतात, तोही मैद्याबरोबर चाळ.

सई: सगळं मिसळलं. खूप पातळ वाटतंय गं, मैदा वाढवू का?

मामी: फोटो?

सई: 📷

मावशी: काही वाढवू नकोस. पळीवरून सलग धार पडतेय ना? तसंच हवं. वर बुडबुडे दिसतायत, म्हणजे व्हिनेगर आणि सोड्याचं सुरू झालंय. फोन ठेव आणि टिन ओव्हनमध्ये घाल आधी.