नॉइज कॅन्सलिंग, ट्रान्सपरन्सी, विंड नॉइज रिडक्शन: सोपे मराठी शब्द?

मेधा (फोंडा): बाबांना इअरबड्स दिले, आता ॲपमधले हे तीन शब्द समजवायचे कसे? नॉइज कॅन्सलिंगला 'आवाज बंद' म्हटलं तर म्हणाले, बंद कुठं गो, मिक्सर ऐकू येतोच की.

चोडणकर: 'बंद' नको, 'खोडणं' म्हण. बडच्या बाहेरचा माइक आवाज टिपतो आणि आत त्याची उलटी लाट सोडली जाते, चढाला उतार, की दोन्ही एकमेकांना खोडतात. हे जमतं ते एकसुरी, जाड आवाजावर, म्हणजे फेरीबोटीचं इंजिन, एसी वगैरे. मिक्सरच्या चिरक्या आवाजाच्या लाटा बारीक आणि जवळजवळ, तिथे उलटी लाट नेमकी जुळत नाही, तो जेवढा अडतो तो कानातल्या रबरामुळे.

आनंद: म्हणजे शेवटी कापसाचा बोळाच!

चोडणकर: अर्धं बरोबर. रबर सैल असेल तर खोडणंही फसतं, पण कापसाने इंजिनाची घरघर जात नाही.

सुहास: माझं विंड रिडक्शन ऑन आहे, तरी मिरामारला चालताना फोन केला की बायकोला माझ्यापेक्षा वाराच जास्त ऐकू येतो. बड्स खराब म्हणायचे का?

चोडणकर: सुहासभाऊ, तो तिच्या कानातला वारा, आणि मेधाचे बाबा विचारतायत तो स्वतःच्या कानातला. बऱ्याच मॉडेलमध्ये ही सेटिंग फक्त आपल्या कानापुरती असते, कॉलचा आवाज साफ करणारी वेगळी, तीही शोधून बघा. माझंच सांगतो. रायबंदरहून चोडणला फेरीत आत उभा होतो तेव्हा इंजिन जवळपास गायब, आणि कठड्याशी गेलो तर कानात फडफड सुरू, कॅन्सलिंग बंद केल्यावर उलट कमी झाली! कारण वारा माइकच्या छिद्रावरच आदळतो, कानात तेवढा आवाज नसतोच, पण बड त्यालाही खोडायला जातो आणि जो आवाज नव्हता तो स्वतः तयार करतो. सेटिंग ऑन केली की साधारणपणे बाहेरच्या माइकचं कमी ऐकलं जातं, म्हणून फडफड थांबते पण इंजिन थोडं परत ऐकू येतं. खात्री करायची तर बाहेरच्या छिद्रावर हलकेच बोट धरा, फडफड गेली तर ती माइकवरच्या वाऱ्याचीच.

मेधा: मग 'वाराबंदी' नको, 'वाऱ्याची फडफड कमी' लिहिते. आणि ट्रान्सपरन्सी 'पारदर्शक'?

आनंद: पारदर्शक म्हणजे डोळ्यांचं झालं. 'बाहेरचं ऐकू दे' लिही.

चोडणकर: 'आरपार' मला बरं वाटतं, पण बाबांना हेही सांग की तो आवाज माइकमधूनच आत येतो, थेट नाही, म्हणून वाऱ्यात त्या मोडमध्येही फडफड होणारच.

आनंद: 'आरपार' ऐकून बाबा म्हणतील, बाण का सुरी?

मेधा: सध्या दोन्ही लिहून ठेवते, त्यांना कुठला लक्षात राहतो ते बघू.