वरच्या पदासाठी रेझ्युमे

«सीनियर डेव्हलपर आहे. टीम लीडच्या जागेसाठी अर्ज करू का? रेझ्युमेत काय बदलू?»

जाहिरातीतली वर्षं बाजूला ठेवून कामं वाचा. त्यातली निम्मी तुम्ही पद नसतानाही करत असाल, तर जरूर अर्ज करा. पदनाम मात्र आहे तेच लिहा. फुगवलेलं पद पडताळणीत उघडं पडतं आणि हातातली ऑफरही जाऊ शकते. बदल करायचा तो कामाच्या वर्णनात. ‘पेमेंट मॉड्यूल लिहिलं’ याऐवजी ‘पेमेंट मॉड्यूलची रचना ठरवली, तिघांत काम वाटलं, त्यांचा कोड तपासला’ असं लिहा, आणि हीच ओळ सगळ्यात वर आणा. रचना तशीच का ठरवली, हे मुलाखतीत खोदून विचारतात, म्हणून खरोखर तुमच्याकडे होतं तेवढंच लिहा. अशी एकही ओळ सुचत नसेल, तर आधी सध्याच्या टीममध्ये नवख्यांचा कोड तपासायचं काम मागून घ्या.