केमोनंतर पाच दिवस पोट साफ नाही, काय द्यावं?

सांजवेळ: आईचं दुसरं केमो मंगळवारी झालं. आज रविवार, अजून संडासला झालेलं नाही. इसबगोल रोज दोन चमचे चालू आहे, उपयोग शून्य. आत्ता काय करू आणि पुढच्या वेळी आधीपासून काय द्यायचं? लवकर सांगा.

गोळीवाला: केमो कोणतं? उलटीसाठी काय चालू आहे? वारा सरतोय का? ताप, उलटी, पोट फुगणं?

सांजवेळ: आर-चॉप. ऑनडॅनसेट्रॉन ८, दिवसातून तीनदा, अजून चालू. वारा सरतो, बाकी काही नाही.

कोकणकडा: एनिमा द्या, तासाभरात मोकळं. नाहीतर एरंडेल.

गोळीवाला: एनिमा अजिबात नको. सातव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी उतरतात, प्लेटलेटही कमी असू शकतात. गुदद्वाराला जरा खरचटलं तरी जंतुसंसर्ग नाहीतर रक्तस्राव.
आर-चॉपमधलं व्हिन्क्रिस्टिन आतड्याच्या नसा मंदावतं, वरून ऑनडॅनसेट्रॉन आतडं आणखी सुस्त करतं. अशा आतड्यात कमी पाण्यावर इसबगोल गेलं की कणकेचा गोळा होतो. ते थांबवा.
आजच डे केअरला फोन करा. मळमळ नसेल तर ऑनडॅनसेट्रॉन अजून हवं का, हेही विचारा. वारा बंद झाला, पोट टणक झालं, उलटी किंवा १००.४ च्या वर ताप आला तर थेट इस्पितळ.

मोगरा७: केमोत जुलाब होतात ना? ताकभात आणि लोपेरामाइड बेस्ट.

गोळीवाला: इथे उलटा प्रश्न आहे. खडा अडकला की त्याच्या कडेने पाणी झिरपतं, जुलाबच वाटतो. त्यावर लोपेरामाइड दिलं तर अडकलेलं आणखी अडकेल.
पुढच्या वेळचं डॉक्टरांना विचारून असं ठेवा. केमोच्याच रात्री बिसाकोडिल ५ मिलीग्रॅमची एक गोळी, अख्खी. दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर नको, वरचा थर पोटातच विरघळतो आणि कळा येतात. रोज सकाळी पीईजी पावडर १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात. हे दहाव्या दिवसापर्यंत, कारण व्हिन्क्रिस्टिनचा त्रास उशिरा येतो. दोन दिवस काहीच झालं नाही तर गोळ्या दोन आणि डॉक्टरांना फोन. पातळ झालं तर दोन्ही बंद.
नाश्त्यानंतर पंधरा मिनिटांनी बसवा, पायाखाली पाट. आतडं तेव्हाच हलतं. रात्री भिजवलेल्या दहा-बारा काळ्या मनुका सकाळी द्या, दिवसभरात दोन लिटर पाणी.

कोकणकडा: मनुका म्हणजे साखर. आर-चॉपात स्टेरॉइड असतं, त्यानेच साखर चढते.

गोळीवाला: हे मात्र बरोबर. मधुमेह आहे का?

सांजवेळ: आहे, लिहायचं राहिलं. हृदयासाठी पाणी दीड लिटरच सांगितलंय.

गोळीवाला: अहो, हे आधी सांगायचं! मग दोन लिटर विसरा. पीईजीचं पाणी दीड लिटरातच धरा. मनुकांऐवजी घरी सोलून पपईची एक फोड.

सांजवेळ: डे केअरला फोन लागला. आधी रक्ताचा रिपोर्ट मागताहेत, मग औषध सांगणार. पपई किती मोठी फोड?