शब्दचर्चा: ईसॉपच्या पत्रात ‘लॅप्स’, ‘फॉरफीट’ आणि ‘रद्द’

रामबाग, इंदूर
आमच्या कंपनीची ईसॉप स्कीम, म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क म्हणजेच ऑप्शन देणारी योजना, वकिलांनी इंग्रजीत करून दिली आहे. असेंब्ली विभागातली बरीच मंडळी बुऱ्हाणपूर-जळगावकडची, म्हणून ऑप्शन दिल्याच्या ग्रँट लेटरसोबत मराठीत एक समजपत्र द्यायचं ठरलंय. अडचण नोकरी सोडण्याच्या कलमात आहे. इंग्रजीत एके ठिकाणी ऑप्शन ‘एक्स्पायर’ होतात, दुसरीकडे ‘लॅप्स’ होतात, तिसरीकडे ‘फॉरफीट’. मी तिन्ही ठिकाणी ‘रद्द होतील’ लिहिलं. आमचे डायरेक्टर म्हणतात, चालणार नाही. शिवाय ‘व्हेस्ट’ला मी ‘शेअर मिळणे’ लिहिलंय, त्यावरही खूण केली आहे. जाणकारांनी सांगावं.

दांडिया बाजार, बडोदा
कायद्याच्या मराठीत हे शब्द तयार आहेत. व्हेस्ट होणे म्हणजे निहित होणे, लॅप्स होणे म्हणजे व्यपगत होणे, फॉरफीचर म्हणजे समपहरण. ‘जमीन शासनाकडे निहित झाली’ हे आपण वाचतोच. तेच वापरा, अर्थाला कुठे धक्का लागणार नाही.

मांजलपूर, बडोदा
काका, समपहरण वाचून आमच्याकडचा फिटर पत्र घडी घालून खिशात ठेवेल. आणि ‘शेअर मिळणे’त काय चूक आहे? मी अमेरिकन कंपनीच्या इथल्या ऑफिसात आहे. दर तिमाहीला माझे व्हेस्ट होतात, त्याच दिवशी शेअर खात्यात दिसतात आणि टॅक्स कापला जातो. म्हणजे व्हेस्ट झालं की शेअर मिळालं, आणि टॅक्सही तेव्हाच.

लष्कर, ग्वाल्हेर
मांजलपूर, तुम्ही सांगताय ते आरएसयू. त्यात विकत घ्यायचं काही नसतं, म्हणून व्हेस्टिंग आणि शेअर हातात येणं एकाच दिवशी होतं. तुमच्यापुरतं ते बरोबरच आहे. रामबागच्या स्कीममध्ये ऑप्शन आहेत. ऑप्शन व्हेस्ट झाला म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क पक्का झाला, एवढंच. पुढे कर्मचाऱ्याने अर्ज करायचा, पैसे भरायचे आणि बोर्डाने वाटप करायचं. तोवर त्याला ना मत, ना डिव्हिडंड. म्हणून समजपत्रात ‘हक्क पक्का होणे’ लिहा आणि एक्झरसाइजसाठी ‘हक्क वापरून शेअर घेणे’. ‘शेअर मिळणे’ फक्त वाटपाच्या दिवसासाठी राखून ठेवा.

आता ‘रद्द’. कंपनी कायद्याखालच्या, शेअर भांडवलाच्या २०१४ च्या नियमांतला नियम १२ उघडा. राजीनामा दिला किंवा नोकरीवरून काढलं, तर त्या दिवशी व्हेस्ट न झालेले ऑप्शन संपतात. तिथे इंग्रजी शब्द एक्स्पायर आहे. ते आपोआप होतं, कुणाला काही करावं लागत नाही. ‘रद्द’मध्ये मात्र कुणीतरी रद्द करणारा लागतो, आणि मग प्रश्न येतो की रद्द केल्याचं पत्र कुठे आहे, कोणत्या तारखेचं आहे. म्हणून तिथे ‘आपोआप संपतील’ लिहा.

फॉरफीट त्याच नियमात वेगळ्या जागी येतो. ऑप्शन देतानाच कर्मचाऱ्याकडून काही रक्कम घेतली असेल आणि त्याने मुदतीत हक्क वापरला नाही, तर कंपनी ती रक्कम ठेवून घेऊ शकते. म्हणजे तिथे प्रश्न पैशाचा आहे. तुमची कंपनी ग्रँटच्या वेळी काही घेत नसेल, तर समजपत्रात तो शब्द कदाचित लागणारच नाही.

रामबाग, इंदूर
आम्ही ग्रँटला काहीच घेत नाही. पण वकिलांच्या मसुद्यात फॉरफीट ‘बॅड लीव्हर’खाली आहे. फसवणूक, गुपितं फोडणे वगैरे कारणांनी काढलं तर व्हेस्टेड ऑप्शनसुद्धा फॉरफीट.

लष्कर, ग्वाल्हेर
तिथे व्हेस्टेडवर घाव आहे, म्हणून खरी काळजी तिथे घ्या. पक्का झालेला हक्क कोणत्या परिस्थितीत लॅप्स होऊ शकतो, हे स्कीम मंजूर करणाऱ्या भागधारकांच्या सभेच्या नोटिशीला जोडलेल्या स्पष्टीकरणात लिहावं लागतं. गैरवर्तनावरून काढणं हे उदाहरण नियमातच दिलेलं आहे. तुमच्या स्पष्टीकरणात ती ओळ नसेल आणि स्कीममध्ये असेल, तर काढलेल्या माणसाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. नंतर ठराव करून ओळ घालू म्हणालात, तर दिलेल्या ग्रँटना ती लागू होणार नाही. अटी बदलता येतात, पण ऑप्शनधारकाचं नुकसान होईल असा बदल नियमाला मान्य नाही. आधी नोटिशीचा कागद काढून बघा, मराठी शब्द त्यानंतर. शब्द म्हणाल तर तिथे ‘पक्का झालेला हक्कही गमावला जाईल’, आणि कारणं एकेक करून लिहा. ‘वाईट रीतीने सोडणारा’ असलं काही नको. ते वाचून माणूस दुखावतो आणि त्यातून कळत काहीच नाही.

दांडिया बाजार, बडोदा
निहित, व्यपगत मूळ करारापुरते ठेवू, हे पटलं. पण ‘लीव्हर’ला ‘नोकरी सोडणारा’ म्हणण्यावर माझी हरकत आहे. वारलेला माणूस नोकरी सोडत नाही.

लष्कर, ग्वाल्हेर
रास्त हरकत आहे, काका. मृत्यूचा नियमही उलटा आहे: दिलेले सगळेच ऑप्शन, न पिकलेले म्हणजे व्हेस्ट न झालेलेसुद्धा, वारसांकडे किंवा नॉमिनीकडे पक्के होतात. कायमचं अपंगत्व आलं, तर त्या दिवसापर्यंत दिलेले सगळे त्याच दिवशी पक्के होतात. रामबागच्या ‘रद्द होतील’ या वाक्याखाली हे दोघे आले असते तर सरळ नियमाविरुद्ध झालं असतं. ‘सेवा संपणे’ असं मथळ्यात घ्या आणि खाली कारणानुसार वेगळे परिच्छेद करा.

तुकोगंज, इंदूर
शब्दांइतकीच तारीख महत्त्वाची आहे, म्हणून आकडे घालून दाखवतो. १ जुलै २०२३ ला ४,८०० ऑप्शन दिले, किंमत १० रुपये. चार वर्षांचं व्हेस्टिंग: वर्ष झाल्यावर १,२०० आणि पुढे दर महिन्याला १००. (पहिलं वर्ष कायद्याचंच आहे, त्याआधी व्हेस्टिंग ठेवता येत नाही.) माणसाने १ नोव्हेंबर २०२५ ला राजीनामा दिला, शेवटचा दिवस ३१ डिसेंबर.

हप्ता दर महिन्याच्या १ तारखेला पडतो असं लिहिलं असेल, तर १ ऑगस्ट २०२४ ते १ डिसेंबर २०२५ असे १७ हप्ते, म्हणजे २,९०० पक्के. ‘पूर्ण झालेल्या प्रत्येक महिन्याला’ लिहिलं असेल, तर ३१ डिसेंबरला ३० महिने भरतात आणि आकडा ३,००० होतो. राजीनाम्याच्या पत्राची तारीख धरली, तर १ नोव्हेंबरपर्यंत २,८००. एकाच माणसाची ही तीन उत्तरं. ‘नोकरी सोडल्यास’ या शब्दांतून यातलं कोणतं, ते ठरत नाही. म्हणून ‘सेवासमाप्तीची तारीख म्हणजे कामाचा शेवटचा दिवस, त्या दिवसापर्यंत पूर्ण झालेले महिने मोजले जातील’ असं लिहा. आमच्याकडे ‘छोडने की तारीख’ म्हणून भागवतात, आणि फुल अँड फायनल हिशोबाच्या टेबलावर वाद होतो.

मांजलपूर, बडोदा
आणि टॅक्स? ऑप्शनमध्ये व्हेस्टिंगला शेअर मिळत नाही म्हणता, मग टॅक्स लागतो कधी?

तुकोगंज, इंदूर
दोनदा. आधी शेअर घेताना, पगारातला पर्क म्हणून. मग विकताना भांडवली नफा म्हणून. वरचंच उदाहरण चालवू. ३,००० पक्के, आणि सेवा संपल्यापासून ९० दिवसांत घ्यायचे, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत. हक्क वापरला त्या दिवशी शेअरची रास्त किंमत २६० धरा. फरक २५०, गुणिले ३,००० म्हणजे साडेसात लाख पर्क. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह ३१.२ टक्के, म्हणजे २,३४,००० रुपये. वर शेअरचे ३०,०००. न विकता येणाऱ्या शेअरसाठी माणसाने २,६४,००० रोख आणायचे, तेही पगार थांबलेला असताना. समजपत्रात हे उदाहरण अंकांसह टाका. ‘लागू कर भरावा लागेल’ वाचून कुणालाही हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही.

माणसाची सेवा संपली तरी टीडीएस कंपनीलाच कापायचा आहे, आणि कापायला पगार उरलेला नाही. म्हणून अट घाला: शेअरच्या पैशासोबत कराची रक्कम कंपनीकडे जमा झाल्याशिवाय वाटप नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे किमतीचा दाखला. अनलिस्टेड शेअरसाठी हा आकडा मर्चंट बँकरचाच लागतो, आणि अहवाल हक्क वापरल्याच्या दिवसाचा किंवा त्याआधी जास्तीत जास्त १८० दिवसांचा. ताळेबंदासाठी केलेलं रजिस्टर्ड व्हॅल्युअरचं मूल्यांकन इथे चालत नाही.

विकताना खरेदी किंमत १० नाही, २६० धरायची, आणि मुदत वाटपापासून मोजायची. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकले तर १२.५ टक्के.

रामबाग, इंदूर
आम्ही केंद्राच्या डीपीआयआयटी विभागाचे मान्यताप्राप्त स्टार्टअप आहोत. आमच्या लोकांना पाच वर्षं टॅक्स नाही ना?

तुकोगंज, इंदूर
ताई, नुसती मान्यता पुरत नाही. आयकराच्या ८०-आयएसी कलमाचं प्रमाणपत्र वेगळं, ते आंतर-मंत्रालयीन मंडळाकडून येतं. ते असेल तर कर लांबतो, माफ होत नाही. जुन्या कायद्यात संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिने, शेअर विकणे आणि नोकरी सुटणे, यातलं जे आधी घडेल तिथपासून १४ दिवस. नोकरीत असताना शेअर घेऊन कर लांबवलेल्या माणसाने राजीनामा दिला, की तो सगळा कर चौदा दिवसांत उभा राहतो. म्हणून समजपत्रात ‘सूट’ लिहू नका, ‘मुदत’ लिहा. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो, तेव्हा कलमांचे जुने आकडे पत्रात घालूच नका.

मांजलपूर, बडोदा
म्हणजे माझ्यासारखं आपोआप कापून घेणं परवडलं! पण कंपनीने नोकरकपात करून घरी पाठवलेल्याचं काय? त्याचा तर काही दोष नाही. त्याचेही न पिकलेले संपतात?

लष्कर, ग्वाल्हेर
संपतात. नियमात राजीनामा आणि काढणं यांना एकच वागणूक आहे. ज्यांना द्यायची इच्छा असते त्या कंपन्या व्हेस्टिंग अलीकडे ओढतात, पण स्कीममध्ये तसा अधिकार आधीपासून हवा, ग्रँटला एक वर्ष झालेलं हवं, आणि बोर्डाचा ठराव शेवटच्या दिवसाच्या आत झालेला हवा. दुसऱ्या दिवशी केलात तर अलीकडे ओढायला ऑप्शनच शिल्लक नसतात.

दांडिया बाजार, बडोदा
मग रामबागच्या पत्रात ‘कंपनी इच्छेनुसार काही ऑप्शन आधी पक्के करू शकेल’ हे वाक्य घालायचं का? वाचणारा त्याला वचन समजेल.

लष्कर, ग्वाल्हेर
मी घालत नाही. तुकोगंजचं मत वेगळं असेल.

तुकोगंज, इंदूर
मी घालतो, पण ‘हा कर्मचाऱ्याचा हक्क नाही’ या शब्दांसह आणि त्याच ओळीत. माणसाला शक्यता माहीतच नसेल तर शेवटच्या दिवसाआधी तो विचारणार कसा?

रामबाग, इंदूर
नोटिशीचं स्पष्टीकरण काढलं. गैरवर्तनाची ओळ त्यात नाही. ग्रँट लेटर अजून एकही गेलेलं नाही.

लष्कर, ग्वाल्हेर
मग थांबवा. आधी स्पष्टीकरण दुरुस्त करून ठराव पुन्हा घ्या. खासगी कंपनीला साधा ठराव चालतो, पण ताळेबंद आणि वार्षिक विवरण वेळेवर दाखल असतील तरच; आधी ते तपासा. पत्रं त्यानंतरच्या तारखेची काढा.