मदत हवी आहे: जि. प.च्या सीईओ मॅडमची १५ मिनिटं कशी मागावीत?

चाकावरची_शाळा
मंडळी, आम्ही काही मित्र जि. प. शाळांत विज्ञानाचे प्रयोग घेऊन जातो. प्रत्येक मुख्याध्यापक म्हणतात, "आमची हरकत नाही, पण वरून पत्र आणा." म्हणून सीईओ मॅडमना भेटायचंय. ओळख शून्य. हा मजकूर चालेल?

"महोदया, आमच्या उपक्रमाबद्दल सविस्तर चर्चा करायची आहे. आपल्या सोयीनुसार कधीही वेळ द्यावी. सोबत २२ पानी प्रस्ताव."

रानवारा
एवढं कशाला? लोकशाही दिनाला जा. महिन्याचा पहिला सोमवार, थेट भेट.

निवृत्त_स्वीय_सहायक
रानवारा, सोमवार बरोबर आहे, पण तो कलेक्टर ऑफिसला, आणि तिथं वैयक्तिक तक्रारी घेतात. अर्जही आधी द्यावा लागतो. यांची तक्रार नाहीच.

शाळावाले, तुमचं पत्र आधी पीए वाचणार. "कधीही" लिहिलंत की वेळ शोधायचं काम त्याच्या गळ्यात, मग ते पत्र मागे पडतं. दोन वेळा द्या, पण वेगवेगळ्या दिवशी: एक सकाळची, एक दुपारची. सकाळ मंत्रालयाच्या व्हीसीत जाऊ शकते, दुपार दौऱ्यात. दोन्ही वेळा एकाच दिवशी दिल्या आणि मॅडम दौऱ्यावर निघाल्या, की दोन्ही गेल्या.

आणि २२ पानं जोडू नका! प्रस्ताव जोडलात की त्यावर शेरा पडतो, "शिक्षणाधिकारी (प्राथ.)", आणि कागद खाली टेबलावर. भेट राहिलीच. असं लिहा:

"विषय: १५ मिनिटांच्या भेटीची विनंती, २० किंवा २४ नोव्हेंबर
महोदया, आम्ही जि. प. शाळांत विनामूल्य विज्ञान प्रयोग दाखवतो. शाळाभेटींसाठी आपल्या कार्यालयाचे परवानगीपत्र हवे आहे, त्यासाठी भेटीची विनंती आहे.
गुरुवार २० नोव्हें., दु. ४ ते ४.१५, किंवा
सोमवार २४ नोव्हें., स. १०.३० ते १०.४५.
आम्ही दोघे येऊ. दोन्ही वेळा गैरसोयीच्या असल्यास आपण सांगाल ती वेळ चालेल."

खाली मोबाइल नंबर. उत्तर येईपर्यंत त्या दोन्ही वेळा खरंच मोकळ्या ठेवा. पीए आदल्या संध्याकाळीही फोन करतो.

कोकणकडा
माझ्या भाचीला पीएचडीचे गाईड भेटतच नाहीत, तिनंही हेच करावं का?

निवृत्त_स्वीय_सहायक
गाईडना आपला विद्यार्थी माहीत असतो ताई, तो वेगळा विषय.

गुरुजी_तालुका
एक राहिलं. मॅडम पहिलं विचारतील, "शिक्षणाधिकाऱ्यांना भेटलात का?" आधी त्यांना भेटा आणि तसं एका ओळीत लिहा. नाहीतर साहेबांना डावलल्यासारखं वाटतं, आणि पत्र शेवटी त्यांच्याच टेबलावरून निघायचंय.

निवृत्त_स्वीय_सहायक
भेटा जरूर, पण पत्रात लिहू नका. लिहिलंत की "मग त्यांच्याकडूनच घ्या" म्हणून परत पाठवतील.

गुरुजी_तालुका
आमच्याकडे उलटा अनुभव आहे साहेब.

चाकावरची_शाळा
शिक्षणाधिकाऱ्यांना उद्याच गाठतो. पत्र मेलनं पाठवू की आवकला देऊन पोच घेऊ?

रानवारा
दोन्ही. आणि पीएचं नाव शिपायाला विचारून ठेवा.