मदत हवी आहे: मालक फ्लॅट विकतायत, ॲग्रीमेंट अजून बाकी आहे

नमस्कार मंडळी, कोथरूडला टूबीएचके भाड्याने आहे, ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, रजिस्टर केलेलं, मार्चपर्यंत. गेल्या महिन्यात मालक काकांचा फोन आला की फ्लॅट विकायला काढलाय, एजंट गिऱ्हाईक आणतील, जरा दाखवत जा. काका चांगले आहेत हो, पण एजंट गेटवर येऊन फोन करतो "मॅडम पाचच मिनिटं" आणि इकडे सासूबाई झोपलेल्या, माझा कॉल चालू. परवा एका बाईंनी न विचारता बेडरूममधलं कपाट उघडलं, तेही आमचं स्वतःचं!

ॲग्रीमेंटमध्ये मालकाला "योग्य वेळी" पाहणी करता येईल एवढंच आहे, गिऱ्हाइकांचं काहीच नाही. मी काकांना व्हॉट्सॲपवर लिहून टाकणार आहे की फक्त शनि-रवि ११ ते १, आदल्या दिवशी मेसेज आणि सोबत एजंट हवाच. जास्त होतंय का?

खरी धाकधूक वेगळीच आहे. ओळखीतले वकील म्हणाले की १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टच्या कलम ५९ प्रमाणे लायसन्स नव्या मालकावर आपोआप बंधनकारक नसतं, म्हणजे तो मार्चच्या आधीच निघा म्हणू शकतो, आणि डिपॉझिट तर काकांकडे. मग सेल डीड व्हायच्या आधीच काकांकडून डिपॉझिट परत मागायचं, की तिघांत लेखी करून ते नव्या मालकाकडे वळतं करायचं? कोणी असं केलंय का, आणि कागदावर नेमकं काय लिहून घेतलंत?