मदत हवी आहे: अरबीत विनंती करताना 'लअल्ल'नंतर 'फ' आला तर क्रियापद कसं लिहावं?

अरबी व्याकरणाच्या जाणकारांना एक नेमका प्रश्न आहे.

'लैतका तुजीबुनी' म्हणजे 'तुम्ही मला उत्तर द्याल तर किती बरं'. यात आशा कमी असते. 'लैतका अजब्तनी' असं भूतकाळात नेलं की विनंती उरतच नाही, 'उत्तर द्यायला हवं होतंत' असा ठपका होतो. म्हणून पत्रात 'लअल्लका तुजीबुनी ग़दन' जास्त सौम्य वाटतं. इथे गोष्ट शक्य कोटीतली असते आणि समोरच्यावर दडपण येत नाही.

शिकणाऱ्यांची चूक बहुधा शेवटच्या स्वरात होते. 'हल लका अन तुजीबनी' यात 'अन'मुळे नस्ब येतो, म्हणून 'ब'वर फतहा. ती सवय लागली की 'लअल्लका तुजीबनी' असं लिहिलं जातं. पण 'लअल्ल' आपल्यानंतरच्या नामाला किंवा सर्वनामाला नस्ब देतो, क्रियापदाला नाही. तिथे 'तुजीबुनी'च बरोबर.

अडचण पुढच्या वाक्यात आहे: 'लअल्लका तुजीबुनी फ-अब्दअ' ('म्हणजे मी सुरुवात करेन'). 'लैत'नंतरच्या अशा 'फ'ला नस्ब सर्वमान्य आहे. 'लअल्ल'नंतर मात्र कूफी व्याकरणकार नस्ब मानतात, बसरी मानत नाहीत. कुराणात ४०:३७ ला हफ्स पाठात 'फ-अत्तलिअ' असा नस्ब आहे, इतर बहुतेक पाठांत रफअ.

आजच्या औपचारिक पत्रात 'फ-अब्दअ' लिहावं की 'फ-अब्दउ'? परीक्षेत कोणतं रूप ग्राह्य धरतात? की 'अर्जू अन तुजीबनी' लिहून हा पेचच टाळावा?